ॲपच्या स्क्रीनशॉटमधलं नाव बदलून पत्रकासाठी स्वच्छ फोटो कसा बनवावा?

सोयाबीन_दर्यापूर

राम राम मंडळी. गावातल्या लोकाईसाठी ई-पीक पाहणी ॲप कसं वापराचं याचं एक पत्रक बनवून रायलो. बारा स्क्रीनशॉट, प्रत्येकाखाली दोन ओळी, ग्रुपवर टाकाचं आणि थोडे प्रिंट काढून सोसायटीत ठेवाचे असा बेत हाय. अडचण अशी का सगळे स्क्रीनशॉट माह्या मोठ्या बाबाच्या खात्यावरून काढले, त्याच्यात त्याईचं पूर्ण नाव, खाते क्रमांक, गट क्रमांक, क्षेत्र सगळं दिसते. मोठे बाबा म्हणे फोटो वापर पण माहं नाव गावभर नको फिरवू, बांधावरून आधीच वाद चालू हाय. त्याईचं बरोबरच हाय.

म्हणून काल फोनच्या एडिटरमध्ये पांढऱ्या पेनानं नाव खोडलं आणि वर "नमुना खातेदार" टाइप केलं. फोनवर ठीक वाटलं, लॅपटॉपवर पाहिलं त पांढरा ठिगळ स्पष्ट दिसते, अक्षरं जाडी दिसतात आणि ओळीपेक्षा थोडी वर लटकल्यासारखी वाटतात. पाहणाऱ्याचं ध्यान पहिले तिथंच जाते, बटण कुठं दाबाचं ते राहते बाजूले. ते नाव मुळातच तिथं होतं असं दिसलं पायजे. लॅपटॉप जुना हाय पण चालते. काय करू?

राजा_७७

भाऊ मलेबी हेच पायजे होतं. माह्याकडे एक पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हाय, त्याच्यातली तारीख 14 ची 11 कराची हाय, दुकानदाराले दाखवाची हाय. कोणत्या ॲपनं होईन?

तुराटी

राजा, तो वेगळा विषय आहे. दुकानदार ती तारीख खरी समजून हिशोब करणार, म्हणजे ती फसवणूक झाली, त्यात मी काही सांगणार नाही. तीन दिवस उशीर झाला असेल तर तसं बोलून टाक, गावातला दुकानदार ऐकून घेतो.

इथे जे चाललंय त्यात पाहणाऱ्याला आधीच माहीत असतं की हा नमुना आहे. सोयाबीन भाऊ, प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात "नमुना माहिती" असं लिहाच, ते विसरू नका. बाकीचं संध्याकाळी लॅपटॉपवर बसून नीट लिहितो.

डीटीपीवाला_कारंजा

एवढं कशाले? नावावर मोझाइक मारा, चौकोन चौकोन, दोन मिनिटांत काम खतम. आमच्या दुकानात लोकं आधार कार्डाचे झेरॉक्स घेऊन येतात तेव्हा आमी असंच करतो. आन मजकूर टाकाचाच असन त फोटोशॉपमध्ये श्रीलिपीनं टाका, युनिकोडच्या नादी लागू नका. फोटोशॉपमध्ये युनिकोड टाकलं का वेलांटी उडून मागं जाते, जोडाक्षर तुटते, मी वीस वर्षांपासून पाहून रायलो.

तुराटी

बसलो आता. लांब होईल, पण सोयाबीन भाऊंच्या ठिगळाचं कारण नीट कळलं तर पुढचे अकरा फोटो सोपे जातील.

आधी डीटीपी भाऊंचं. वेलांटी उडते हे खरंच आहे, मी पण भोगलंय. पण दोष युनिकोडचा नाही. फोटोशॉपचं मजकूर मांडणारं जे इंजिन सुरुवातीला चालू असायचं ते देवनागरीसाठी नव्हतं. क्रिएटिव्ह क्लाउडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये Preferences, मग Type मध्ये Middle Eastern and South Asian निवडा, प्रोग्रॅम बंद करून उघडा आणि नवीन मजकूर टाका, वेलांटी जागेवर येते. श्रीलिपी लग्नपत्रिकेला उत्तम, पण स्क्रीनशॉटमधली बाकीची अक्षरं श्रीलिपीची नाहीत, त्यामुळे कितीही सुबक टाकलं तरी परकं दिसणार. मी गिम्प वापरतो, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि त्यात देवनागरी मुळातूनच बरोबर जुळते.

आता ठिगळ. ॲपमधला पांढरा रंग बहुतेक वेळा पूर्ण पांढरा नसतोच. पूर्ण पांढऱ्याचा आकडा ffffff, आणि ॲपमधला कार्डाचा रंग fafafa किंवा त्याच्या आसपास काही असतो. फोनच्या छोट्या स्क्रीनवर उन्हात हा फरक कळत नाही, लॅपटॉपवर कळतो. म्हणून पेनानं खोडायचं नाही. गिम्पमध्ये मूळ पीएनजी उघडा, रंग उचलायचं ड्रॉपर घ्या (त्याच्या ऑप्शनमध्ये Sample average बंद असू द्या), नावाच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर क्लिक करा, मग नावाभोवती आयताकृती सिलेक्शन करून `Ctrl` आणि स्वल्पविराम दाबा, उचललेला रंग भरला जातो.

सिलेक्शन करताना एक चूक सगळे करतात. इंग्रजीच्या सवयीनं अक्षराच्या उंचीएवढाच चौकोन काढतात, आणि आपल्याकडे तर वर रफार, अनुस्वार, वेलांटीचा बाक, खाली उकार. नाव पुसलं जातं आणि वर अनुस्वाराचा एक ठिपका राहतो, प्रिंटमध्ये तो माशी बसल्यासारखा दिसतो. चौकोन वरखाली ऐसपैस घ्या, फक्त कार्डाच्या रेघेला लागू देऊ नका. रंग भरल्यावर 400 टक्के झूम करून एकदा कडा पाहा.

मागचा रंग एकसारखा नसेल, म्हणजे वरून खाली फिका होत जाणारा हिरवा पट्टा वगैरे, तर एकच रंग भरून चालत नाही. त्याच पट्ट्यातला, त्याच उंचीचा रिकामा तुकडा कॉपी करून नावावर आणून ठेवायचा. उंची तीच असली की छटा आपोआप जुळते.

फॉन्टचं उद्या लिहितो, लाइन जायची वेळ झाली.

मीनाताई_अंगणवाडी

माझा अनुभव सांगते. मी आमच्या बीटमधल्या सेविकांसाठी असंच करते, आमच्या ॲपमध्ये तर लहान लेकरांची नावं, आईचं नाव, वजन असं सगळं असतं, ते मुळीच बाहेर जाऊ द्यायचं नाही. माझ्याकडे लॅपटॉप नाही. मी काय करते, त्याच फोनवर नोट्समध्ये खोटं नाव लिहिते, त्याचा स्क्रीनशॉट काढते, तेवढं नाव कापून खऱ्या नावावर चिकटवते. फोन तोच म्हणून अक्षर तेच येतं. पण कधी जुळतं कधी नाही, ते काऊन तसं होते ते मले अजून कळलं नाही.

तुराटी

मीनाताई, तुमची युक्ती चांगली आहे, मी पण घाईत तीच वापरतो. फोन तोच, फॉन्ट तोच, अक्षरांच्या कडा मऊ करायची पद्धत तीच. न जुळण्याची कारणं दोन. नोट्समधल्या अक्षरांचा आकार आणि तुमच्या ॲपमधल्या अक्षरांचा आकार वेगळा असतो, मग चिकटवताना तुम्ही ते बोटानं लहानमोठं करता आणि तिथेच अक्षर धूसर होतं. दुसरं म्हणजे नोट्सचा कागद वेगळ्या पांढऱ्या रंगाचा, म्हणून चौकोन दिसतो. नोट्सऐवजी त्याच ॲपमध्ये कुठे शोधायची चौकट किंवा शेरा लिहायची जागा असेल तर तिथे खोटं नाव टाइप करून पाहा, सेव्ह न करता फक्त स्क्रीनशॉट काढा. आकार तिथे बरेचदा तोच असतो आणि मग लहानमोठं करायची गरजच पडत नाही.

आता सोयाबीन भाऊंचा फॉन्ट. आधी दोन प्रश्न: फोनमध्ये थीममधून वेगळा फॉन्ट लावलाय का? आणि फोनची भाषा मराठी आहे की इंग्रजी?

सोयाबीन_दर्यापूर

फॉन्ट जो कंपनीचा आला तोच हाय, काही लावला नाई. भाषा मराठी हाय. तुमच्या पद्धतीनं रंग भरला, ठिगळ गेलं, एकदम साफ झालं! पण मोठ्या बाबाच्या नावातला उकार खाली राहिलाच होता, तुमी सांगतल्यावर दिसला.

तुराटी

भाषेचं का विचारलं ते सांगतो, कारण यात बहुतेकांचं अडकतं.

अँड्रॉइडवर देवनागरी साधारण नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये दिसते. काही कंपन्या स्वतःचा फॉन्ट घालतात, ते ओळखायला मूळ स्क्रीनशॉटमधला एखादा शब्द दोन-तीन फॉन्टमध्ये टाइप करून शेजारी ठेवा, अ आणि झ बघितला की कळतं. तुमचा बहुतेक नोटोच असेल. तो फुकट मिळतो, `NotoSansDevanagari-Regular.ttf` उतरवून लॅपटॉपमध्ये इन्स्टॉल करा.

आता गंमत अशी की याच एका फॉन्टच्या पोटात ल आणि श दोन दोन आहेत. एक हिंदी वळणाचा आणि एक मराठी वळणाचा. फोनची किंवा ॲपची भाषा मराठी असेल तर मराठीचे येतात, नाहीतर हिंदीचे. गिम्पमध्ये तुम्ही साधं टाइप केलं तर हिंदी वळणाचा ल येऊ शकतो आणि त्याच्याच वरच्या ओळीत, मूळ स्क्रीनशॉटमध्ये, "तालुका" मधला ल मराठी वळणाचा असतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं. उपाय सोपा आहे, मजकुराच्या टूलच्या ऑप्शनमध्ये खाली Language आहे, तिथे मराठी निवडा. ल आणि श लगेच बदलताना दिसतील.

काकासाहेब_मेहकर

मी महसुलात होतो, निवृत्त. तुराटी म्हणतात ते बरोबर आहे. शासनाच्या 2009 च्या प्रमाण वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच दिले आहेत. आमच्या वेळी टायपिंगच्या मुलांना हे सांगून सांगून थकलो होतो, कोणी ऐकायचं नाही.

पण माझी एक शंका आहे. शासनाच्या ॲपच्या चित्रात नाव आणि क्षेत्र बदलणे योग्य आहे का? उद्या कोणी ते चित्र खरे समजून तलाठ्याकडे घेऊन आला तर? आणि दुसरे, सातबारा तर ऑनलाइन कोणालाही पाहता येतो, मग गट क्रमांक लपवून साध्य काय?

डीटीपीवाला_कारंजा

काका बरोबर बोलले. म्हणून म्हणतो मोझाइक मारा, बदलाबदली नको.

तुराटी

काका, पहिल्या शंकेवर माझं म्हणणं: नाव "नमुना खातेदार" असं असेल, गट क्रमांक 000 असेल आणि कोपऱ्यात "नमुना माहिती" छापलेलं असेल तर ते कोणी खरं समजणार नाही. खरं वाटेल असं नाव टाकू नये याचं कारण हेच. गावात शोधलं तर त्या नावाचा माणूस सापडतोच.

मोझाइक मात्र नको, त्यातही आकड्यांवर तर मुळीच नको. डीटीपी भाऊ, मोझाइक म्हणजे माहिती पुसणं नाही, त्या जागेच्या रंगांची सरासरी दाखवणं आहे. आकडे दहाच. एखाद्याने तोच फॉन्ट घेऊन 0 ते 9 प्रत्येकावर तसाच मोझाइक मारला आणि तुमच्या चित्राशी ताडून पाहिलं तर कोणता आकडा कुठे होता ते काढता येतं, त्यासाठी तयार प्रोग्रॅमही आहेत. फोनमधल्या काळ्या हायलायटरचंही तसंच, तो थोडा पारदर्शक असतो, दोनदा फिरवला तरी चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे दिसायला लागतात. आधार कार्डावर तर हे करूच नका. रंग भरून टाकला की खालचं खरोखर जातं.

2023 मध्ये पिक्सेल फोनबद्दल उघड झालं होतं की त्यातल्या स्क्रीनशॉट कापायच्या टूलने कापलेला भाग फाइलमध्येच शिल्लक राहत होता. मार्च 2023 च्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं, पण आधी पाठवलेली चित्रं तशीच राहिली. म्हणून कापलेल्या किंवा पुसलेल्या चित्राची शेवटी नवी फाइल बनवावी. गिम्पमधून पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट करा, गिम्पची स्वतःची `.xcf` फाइल कोणाला देऊ नका, तिच्यात खालच्या थरात मोठे बाबा तसेच बसलेले असू शकतात.

डीटीपीवाला_कारंजा

हे मोझाइकचं मले मालूम नव्हतं. दुकानात आजपासून काळा पट्टा. पण एक सांगतो, वर्डमध्ये फोटो टाकून त्याच्यावर काळा चौकोन ठेवाचा आन पीडीएफ कराची, असं माह्याकडचा पोरगा करते. ते चालते ना?

तुराटी

नाही चालत. तो चौकोन वेगळी वस्तू म्हणून पीडीएफमध्ये जातो आणि खालचं चित्र अख्खं राहतं, काही प्रोग्रॅममध्ये चौकोन उचलून बाजूला ठेवता येतो. आधी चित्रातच पुसा, मग वर्डमध्ये टाका.

सोयाबीन_दर्यापूर

फॉन्ट टाकला, भाषा मराठी केली, ल बरोबर आला राजेहो! पण आकार जमत नाई. 40 केलं त लहान, 46 केलं त मोठं वाटते, आन अक्षरं मूळच्यापेक्षा जास्त काळी आणि कडक दिसतात. एकाच फोटोवर दीड तास गेला.

अकोट_ॲपवाला

मी ॲप बनवण्याचं शिकतोय. साधं गणित आहे, 1080 रुंदीच्या फोनवर 16 चा मजकूर 42 पिक्सेल येतो. 42 टाका, झालं.

तुराटी

अकोटकर, गणित अर्धं बरोबर आहे. 420 डेन्सिटीच्या फोनवर 16 ला 2.625 नं गुणलं की 42 येतात. 440 वाल्या फोनवर त्याच 16 चे 44 होतात. त्यात कोणी फोनमध्ये अक्षर मोठं केलेलं असेल तर आणखी वाढतात. आणि ॲपवाल्याने तिथे 16 च ठेवलंय हे आपल्याला कुठे माहीत आहे?

सोयाबीन भाऊ, गणित सोडा, असं करा. पुसलेलं चित्र बाजूला ठेवा आणि मूळ न पुसलेलं उघडा. मजकुराचं टूल घेऊन नवीन नाव टाइप करू नका, जे नाव तिथे आधीच आहे, म्हणजे मोठ्या बाबांचं नाव, तेच पुन्हा टाइप करा. रंग लाल ठेवा, त्या थराची अपारदर्शकता 50 टक्के करा आणि तो मूळ नावावर आणून ठेवा. पहिल्या अक्षराची डावी कड जुळवा, मग शेवटचं अक्षर पाहा. लाल नाव पुढे गेलं तर आकार कमी करा, मागे राहिलं तर वाढवा. शिरोरेघ शिरोरेघेवर बसली, शेवटच्या अक्षराची कडही बसली आणि काळं कुठूनही डोकावत नसलं की आकार आणि जागा दोन्ही सापडले. मग त्याच थरात शब्द बदलून "नमुना खातेदार" करा, लालच्या जागी मजकुराचा खरा रंग द्या, अपारदर्शकता पुन्हा 100 टक्के करा आणि खालचं मूळ नाव पुसा. जागा हलत नाही, ओळ वर लटकत नाही.

शिरोरेघेचा अजून एक उपयोग आहे. मजकुराचा खरा रंग उचलायचा असेल तर अक्षराच्या कडेवर क्लिक करू नका, कडा मऊ करायला तिथे करड्या छटा घातलेल्या असतात. 800 टक्के झूम करा आणि शिरोरेघेच्या मधोमधचा पिक्सेल उचला, तिथे पूर्ण रंग असतो. तुम्ही काळा टाकलाय, म्हणून जास्त काळं दिसतंय, ॲपमधला मजकूर बहुतेक 212121 सारखा गडद करडा निघेल. आणि कडकपणासाठी मजकुराच्या ऑप्शनमध्ये Hinting आहे ते None करा, Antialiasing चालू ठेवा.

हे सगळं मूळ आकाराच्या चित्रावरच करा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तर घेऊच नका, त्यात अक्षरांभोवती बारीक घाण आलेली असते आणि तुम्ही भरलेला स्वच्छ रंग त्या घाणीत वेगळा उठून दिसतो. फोनमधून लॅपटॉपवर केबलनं घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सोयाबीन_दर्यापूर

आकार 43 निघाला. त्रेचाळीस! ना 42 ना 44. रंग 1f1f1f निघाला. नाव असं बसलं का घरी बायकोले दोन फोटो दाखवले, कोणत्यात बदल केला ते तिले ओळखू नाई आलं. व्हॉट्सॲपवरून आलेले तीन फोटो होते, ते पुन्हा काढून घेतले.

आज सहा फोटो झाले. ग्रुपवर टाकाच्या आधी इथं टाकतो, पाहून सांगा.

काकासाहेब_मेहकर

सहाही चित्रे पाहिली. काम सुरेख आहे. आता चुका सांगतो, राग मानू नका.

तिसऱ्या चित्रात एकूण क्षेत्र 2.00 हेक्टर केले आहे. पाचव्या चित्रात सोयाबीन 1.20 आणि तूर 0.42 तसेच राहिले आहे, म्हणजे बेरीज 1.62. मूळ क्षेत्र चार एकर असणार. आता शेतकरी हे पाहून काय समजेल? की 0.38 हेक्टर नोंदवायचे सोडून द्यायचे असते, किंवा ती चालू पड दाखवायची असते. तो पत्रक पाहून तसेच भरेल. आकडे बदलायचे तर सगळ्या चित्रांत मिळून बदला, एकूण 1.00, सोयाबीन 0.70, तूर 0.30 असे काही सोपे ठेवा.

सहाव्या चित्रात पिकाच्या फोटोखाली अक्षांश आणि रेखांश तसेच आहेत. नाव झाकून उपयोग काय, पाच दशांशांपर्यंतचा आकडा म्हणजे माणूस थेट त्या धुऱ्यावर जाऊन उभा राहील.

सोयाबीन_दर्यापूर

काका राग कशाचा, हे तुमच्याशिवाय कोणालेच दिसलं नसतं. अक्षांश मी पाहिलाच नाई, माहं सगळं ध्यान नावावर. बेरजेचं त डोक्यातच नाई आलं, मले वाटलं क्षेत्र बदललं म्हणजे झालं.

तुराटी

काकांनी जे पकडलं ते मलाही दिसलं नव्हतं. अक्षांशाच्या जागी 00.00000 करा.

मला आणखी एक दिसलं, वरच्या पट्टीतली वेळ. पहिल्या चित्रात 10:42, दुसऱ्यात 4:15, तिसऱ्यात पुन्हा 10:50, बॅटरी 80 वरून 23 वर. शिवाय एका चित्रात वर मेसेजचं चिन्ह आहे. उरलेले सहा फोटो काढायचेच आहेत तर ही पट्टी चित्रात दुरुस्त करू नका, फोनमध्येच ठरवून घ्या. फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये यूएसबी डिबगिंग चालू करून, लॅपटॉपवर एडीबी असेल तर हे चार ओळीत होतं:

```
adb shell settings put global sysui_demo_allowed 1
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command enter
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command clock -e hhmm 1000
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command notifications -e visible false
```

घड्याळ 10:00 वर थांबतं आणि चिन्हं जातात. सगळे फोटो काढून झाले की हे टाका, नाहीतर घड्याळ तसंच राहील:

```
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command exit
```

सगळ्या फोनवर हे पूर्ण चालत नाही, माझ्या एका फोनवर चिन्हं गेली पण वेळ बदललीच नाही. नाही चाललं तर सगळ्या चित्रांची वरची पट्टी सारखीच कापून टाका, पत्रकात तिची गरज नसते.

मीनाताई_अंगणवाडी

मोबाईल नंबरचं काय करता तुमी? मी मागच्या वर्षी नमुना म्हणून मनानंच एक दहा आकडी नंबर टाकला होता. तो कोणाचातरी खरा निघाला. सेविका त्याला फोन करून विचारायच्या, ताई हे कसं भरायचं. त्या माणसानं शेवटी एकीकडून माझा नंबर घेतला आणि मला फोन केला, बिचारा चिडला नव्हता पण मला खूप वाईट वाटलं. सगळ्या प्रिंट परत गोळा केल्या.

तुराटी

आपल्याकडचे मोबाईल नंबर 6, 7, 8 किंवा 9 नंच सुरू होतात. म्हणून नमुन्यात 00000 00000 किंवा 12345 67890 टाका, तो कोणाचाच मोबाईल असू शकत नाही. आधारचं पण तसंच आहे, खरा आधार क्रमांक 0 किंवा 1 नं सुरू होत नाही, म्हणून नमुन्यात 0000 नं सुरू करा. 99999 नं सुरू होणारा टाकू नका, तो सोपा दिसतो म्हणून लोक टाकतात पण तो कोणाकडे तरी असतोच.

डीटीपीवाला_कारंजा

प्रिंट काढाचे असन त एक माह्याकडून. फोटो लहान कराचा असन त 1080 चा बरोब्बर 540 करा, अर्धा. 700, 650 असं काही केलं का शिरोरेघ एका ठिकाणी जाडी एका ठिकाणी बारीक येते. आन प्रिंटले त लहान करूच नका, 1080 चा तसाच द्या, कागदावर सात सेंटीमीटर रुंद ठेवला तरी मस्त येते. काळ्यापांढऱ्या प्रिंटमध्ये हिरवं बटण आन करडं बटण सारखंच दिसते, म्हणून ज्याले दाबाचं त्याच्याभोवती जाडी काळी चौकट काढा. लाल गोल काढू नका, काळ्या प्रिंटमध्ये तो करडाच येते.

तुराटी

हे डीटीपी भाऊंचं लाख मोलाचं. मी लाल गोलच काढत होतो.

काकासाहेब_मेहकर

माझा दुसरा प्रश्न राहिलाच. सातबारा सर्वांसाठी खुला असताना गट क्रमांक लपवण्याचा एवढा खटाटोप का?

मीनाताई_अंगणवाडी

काका, शोधून पाहणं वेगळं आणि घरोघरी वाटणं वेगळं. ज्याला पाहायचं तो पाहील, पण दोनशे लोकांच्या ग्रुपवर आपण टाकायचं का?

काकासाहेब_मेहकर

ताई, मग सोसायटीच्या फलकावर कर्जदारांची यादी लागते, ग्रामपंचायतीत लाभार्थ्यांची यादी लागते, त्याचे काय? मला अजून पटलेले नाही. मोठ्या बाबांची इच्छा आहे म्हणून झाका, एवढे मान्य. नियम म्हणून मला ते पटत नाही.

सोयाबीन_दर्यापूर

काका, आमच्याकडे त मोठ्या बाबाचाच नियम चालते. तुमचं म्हणणं मी त्याईले सांगतलं, ते म्हणे काका बरोबर असतीन पण माहा गट नको.

बारापैकी दहा झाले. घड्याळवाली कमांड माह्या फोनवर चालली, सगळीकडे 10:00. क्षेत्र सगळीकडे 1.00, सोयाबीन 0.70, तूर 0.30, तीनदा बेरीज केली. गट 000. बटणाभोवती काळी चौकट. दोन फोटो राहिले, त्याच्यात हिरवा पट्टा हाय वरून खाली फिका होणारा, त्याच्यावर पांढऱ्या अक्षरात गावाचं नाव हाय. शेजारचा तुकडा उचलून ठेवला त उजव्या बाजूले एक बारीक उभी रेघ दिसते.

तुराटी

पट्टा आडवापण थोडा फिका होत असेल तर तशी रेघ येते. तुकडा रुंद घेऊ नका, नावाच्या लगेच उजवीकडून आठ-दहा पिक्सेल रुंदीचा अरुंद उभा तुकडा घ्या आणि तो फक्त आडवा ताणून नाव झाका, उंचीला हात लावू नका. तरी रेघ राहिली तर दोन्ही फोटो इथे टाका, रात्री पाहतो.